रांगेत कोण उभे असते : कॅन्टीन पाहणीच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प : शाळेच्या कॅन्टीनविषयी विद्यार्थ्यांचे मत. विद्यार्थिनी : वैदेही, इयत्ता नववी. नोंदी ठेवणारी : मार्गदर्शक गणित शिक्षिका. शाळा सातारा जिल्ह्यातील असून पाचवी ते दहावीच्या हजेरीपटावर एकूण ८४० नावे आहेत. कॅन्टीन महिला बचत गट चालवतो आणि शनिवारी शाळा सकाळची असल्याने ते सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवसच उघडे असते.

२२ जुलै, मंगळवार

वैदेहीने आज मधल्या सुट्टीत कॅन्टीनच्या रांगेत उभ्या असलेल्या ६० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. प्रश्न दोनच आहेत : कॅन्टीनविषयी समाधानी आहात का, आणि साधारणपणे आठवड्यातून किती दिवस येता. दुसऱ्या प्रश्नाला रोज, दोनदा, एकदा आणि कधीच नाही असे चार पर्याय तिने स्वतःच छापून घेतले होते. शाळा सुटण्यापूर्वी तिने बेरीज करून आणली. ६० पैकी ४७ जण समाधानी, म्हणजे ७८ टक्के. प्रकल्प वहीच्या पहिल्या पानावर तिने निष्कर्षही लिहून टाकला आहे : 'शाळेतील ७८ टक्के विद्यार्थी कॅन्टीनविषयी समाधानी आहेत.'

बेरीज बरोबर आहे आणि भागाकारही बरोबर आहे. त्या वाक्यातील 'शाळेतील' या शब्दाला आधार काय, एवढेच विचारायचे राहिले आहे. ते मी आज विचारले नाही, कारण तिच्या कागदांमध्येच उत्तर पडलेले आहे आणि ते तिला स्वतःला सापडले तर बरे. फक्त दुसऱ्या प्रश्नाच्या चारही पर्यायांपुढे किती खुणा आल्या त्याचा तक्ता करून आणायला सांगितले आहे.

२४ जुलै, गुरुवार

तक्ता आला. रोज येणारे ४०, दोनदा येणारे १६, एकदा येणारे ४ आणि कधीच न येणारे शून्य.

"या शेवटच्या शून्याचा अर्थ काय?" मी विचारले.

"कधीच न येणारे कुणी नाही, बाई," ती म्हणाली आणि लगेच थांबली. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण पाचवीपासून घरचा डबा आणते आणि कॅन्टीनची पायरीही चढत नाही, हे तिला तेवढ्यात आठवले असावे. मग तिने स्वतःच सांगितले की जो कॅन्टीनला येत नाही तो कॅन्टीनच्या रांगेत भेटणारच नाही, मग रांगेत ६० जणांना विचारा किंवा ६०० जणांना विचारा.

इथपर्यंत बहुतेक मुले पोहोचतात. पुढची पायरी मात्र सहज दिसत नाही, म्हणून मी तिला न येणाऱ्यांना तूर्त बाजूला ठेवायला सांगितले. समजा, आपल्याला फक्त कॅन्टीनला येणाऱ्यांचेच मत हवे आहे. मग तरी रांगेतला नमुना ठीक आहे का? ती म्हणाली, ठीक आहे, कारण येणारे सगळे रांगेतूनच जातात. मी तिला दोन विद्यार्थी कल्पायला सांगितले : एक रोज येणारा आणि एक आठवड्यातून एकदाच येणारा. पाहणी मंगळवारी झाली. रोज येणारा मंगळवारी रांगेत असणारच. एकदा येणारा मात्र पाच दिवसांपैकी कुठल्याही एका दिवशी येईल, म्हणजे तो नेमका मंगळवारी आलेला असण्याची शक्यता पाचात एक. दोघेही कॅन्टीनचे ग्राहक आणि दोघांचेही मत एकेकच, पण आपल्या कागदावर पहिला उमटण्याची शक्यता दुसऱ्याच्या पाचपट.

तिने बराच वेळ काही लिहिले नाही. नंतर विचारले, "पण बाई, रोज येणारे रोज का येतात? त्यांना आवडते म्हणूनच ना?"

सगळा प्रश्न या एका वाक्यात आला. नमुन्यात कुणी जास्त प्रमाणात येतो एवढ्याने उत्तर बिघडत नाही. डाव्या हाताने लिहिणारी मुले रांगेत जरा जास्त भेटली असती तरी समाधानाच्या टक्केवारीला काही झाले नसते. नमुन्यात येण्याची शक्यता आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ही दोन्ही एकाच कारणाशी बांधलेली असतात तेव्हा उत्तर एका बाजूला सरकते, आणि त्यालाच नमुना निवडीतील कल किंवा सॅम्पलिंग बायस म्हणतात. येथे ज्याला कॅन्टीन आवडते तोच वारंवार येतो, आणि वारंवार येतो म्हणून तोच आपल्याला सापडतो.

२८ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवारमुळे शाळा अर्धा दिवस होती. शाळा सुटल्यावर वैदेही थांबली आणि आम्ही तिच्याच ६० प्रश्नावल्यांवर हिशेब करून पाहिला.

प्रथम समाधानी विद्यार्थ्यांची गटवार मोजणी केली. रोज येणाऱ्या ४० पैकी ३६ समाधानी, दोनदा येणाऱ्या १६ पैकी १० आणि एकदा येणाऱ्या ४ पैकी फक्त १. तिचा गुरुवारचा अंदाज येथे सरळ दिसतो : येणे जितके कमी, तितके समाधानही कमी.

मग प्रत्येकाला त्याच्या सापडण्याच्या शक्यतेच्या उलट वजन दिले. रोज येणारा पाचपट सहज सापडतो, म्हणून त्याचे वजन एक पंचमांश. दोनदा येणाऱ्याचे अर्धे. एकदा येणाऱ्याचे पूर्ण एक. वैदेहीच्या वहीत हिशेब असा आहे :

```
रोज   : ४० ÷ ५ = ८     समाधानी ३६ ÷ ५ = ७.२
दोनदा : १६ ÷ २ = ८     समाधानी १० ÷ २ = ५
एकदा  :  ४ ÷ १ = ४     समाधानी  १ ÷ १ = १
एकूण  : २०             समाधानी १३.२
१३.२ ÷ २० = ०.६६
```

कॅन्टीनला येणाऱ्यांमधील समाधान ७८ वरून ६६ टक्क्यांवर आले. रांगेत रोज येणाऱ्यांचा वाटा ४०/६०, म्हणजे दोनतृतीयांश होता. प्रत्यक्ष ग्राहकांमध्ये तो ८/२०, म्हणजे ४० टक्केच असावा.

तिला हा हिशेब इतका आवडला की काम संपलेच असे तिला वाटले. म्हणून दोन गोष्टी तिच्याकडूनच काढून घेतल्या. पहिली : एकदा येणारे चारच जण आहेत आणि एकूण २० वजनापैकी ४ वजन त्यांच्यावर आहे. त्यातील एकाने उत्तर बदलले तर निष्कर्ष पाच टक्क्यांनी हलतो. रोज येणाऱ्याने बदलले तर एकच टक्क्याने. वजन देऊन कल दुरुस्त होतो, पण निष्कर्ष थोड्या माणसांच्या उत्तरांवर तोलला जातो. दुसरी : कधीच न येणाऱ्याचे वजन काढायचे तर एकाला शून्याने भागावे लागेल. ज्याची नमुन्यात येण्याची शक्यताच शून्य आहे, त्याला कोणतेही वजन परत आणू शकत नाही. त्याच्यापर्यंत दुसऱ्या वाटेनेच जावे लागते.

याशिवाय एक अडचण या हिशेबाच्या बाहेरची आहे. प्रश्नावल्या खिडकीसमोर, पोळीभाजी वाढणाऱ्या मावशींच्या देखत भरल्या गेल्या. पाचवी-सहावीतली मुले मावशींसमोर 'नाही' लिहायला कचरली असतील. हा दोष निवडीचा नसून विचारण्याचा आहे, त्यामुळे वजन देऊन तो जाणार नाही. पुढच्या फेरीत कॅन्टीनपासून दूर बसून विचारायचे ठरवले आहे.

३० जुलै, बुधवार

वैदेहीने नवी सूचना आणली. एका दिवसाऐवजी पाचही दिवस उभे राहायचे, आलेल्या प्रत्येकाला विचारायचे आणि ज्याला एकदा विचारले त्याला पुन्हा विचारायचे नाही.

'नमुना मोठा केला म्हणून कल जात नाही' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होते, पण ते येथे पूर्ण लागू पडत नाही. तिच्या सूचनेत संख्या तर वाढतेच, शिवाय निवडीची रीतही बदलते. आठवडाभरात प्रत्येक ग्राहक निदान एकदा येणार आणि प्रत्येकाला एकदाच विचारले जाणार, म्हणून रोज येणारा आणि एकदा येणारा समान पातळीवर येतात. मी तिला तसे सांगितले. अडचण दोन ठिकाणी उरते : कधीच न येणारे तरीही बाहेरच राहतात, आणि पंचवीस मिनिटांच्या सुट्टीत सगळी रांग एकटीने विचारून होत नाही. घाईत ती कुणाला विचारील? रांग सोडून तिच्याकडे बघणाऱ्यांना, ओळखीच्यांना, पुढे उभ्या असलेल्यांना. नुसती संख्या वाढवणे आणि रीत सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तिला नीट समजायला हवे होते.

त्यासाठी मी तिला पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामाविषयी सांगितले. त्यांचा जन्म १९११ साली आपल्याच सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. १९४० च्या दशकात दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत असताना ते पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्याच्या पद्धतींवर काम करीत होते. शेतात एक लहान तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या क्षेत्राचे उत्पन्न ठरवायचे, अशी ती रीत. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघते, असे त्यांनी दाखवले. कारण अगदी साधे आहे. आखलेल्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी, आणि म्हणून ही वाढही मोठी. असे शंभर लहान तुकडे कापले काय आणि हजार कापले काय, प्रत्येक तुकडा त्याच बाजूला झुकलेला असल्याने सरासरीही तिकडेच झुकते. हजार तुकड्यांमुळे एवढेच होते की तीच चुकीची सरासरी अधिक ठाम वाटू लागते.

वैदेहीच्या घरची शेती आहे. गेल्या वर्षी त्यांच्या गावात पीक विम्यासाठी झालेला पीक कापणी प्रयोग तिने पाहिला होता. "म्हणून ते एवढा मोठा चौकोन आखत होते," ती म्हणाली. बहुतेक पिकांसाठी हा तुकडा १० मीटर बाय ५ मीटर असतो, आणि तो शेतात कुठे घ्यायचा हे शेतकरी किंवा तलाठी ठरवत नाही, तर यादृच्छिक संख्येवरून ठरते. बांधावरून सोयीचा कोपरा दाखवायला कुणालाही वाव राहू नये, असा त्यामागचा हेतू आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज नमुना ठरला. सुरुवात कॅन्टीनपासून न करता हजेरीपटापासून केली, कारण शाळेतील प्रत्येकाचे नाव असलेली तेवढी एकच यादी आहे. सर्व तुकड्यांचे पट एकापुढे एक लावून १ ते ८४० असे सलग क्रमांक दिले. दर दहावा विद्यार्थी घ्यायचा आणि सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठीने ठरवायचे. वर्गातील एका मुलाने दहा चिठ्ठ्यांतून ७ ही चिठ्ठी काढली, म्हणून ७, १७, २७ असे ८३७ पर्यंत ८४ विद्यार्थी झाले. अशा निवडीत प्रत्येक तुकडीचा वाटा आपोआप तिच्या पटाच्या प्रमाणात येतो.

या पद्धतीचा एक धोका तपासून घेतला. यादीतच दर दहा नावांनी काही फिरून येत असेल, तर दर दहाव्याला घेणे घातक ठरते. आमच्या पटात आधी मुलगे आणि मग मुली असतात, आणि त्या त्या गटात आडनावांचा क्रम असतो. दहाचे चक्र कुठेही नाही.

श्रावणामुळे प्रश्नाची भाषाही बदलली. 'गेल्या आठवड्यात किती दिवस आलात' असे विचारले, तर सोमवारी कॅन्टीन अर्धा दिवस आणि काहींचा उपवास, असे दोन्ही परिणाम उत्तरात मिसळतील. म्हणून 'श्रावण सोडून एरवीच्या आठवड्यात' असे शब्द घातले आहेत. जे येत नाहीत त्यांच्यासाठी 'का येत नाही' हा तिसरा प्रश्नही वाढवला.

५ ऑगस्ट, मंगळवार

यादी घेऊन वैदेही काल आणि आज मधल्या सुट्टीत वर्गावर्गांत फिरली. ८४ पैकी ५८ भेटले. न भेटलेल्या २६ जणांऐवजी पटावरील त्यांच्या पुढच्या क्रमांकाची मुले घेऊ का, असे तिने विचारले.

मी तिला एवढेच विचारले की मधल्या सुट्टीत जो वर्गात सापडत नाही तो कुठे असतो.

ती हसली. रांगेत उभे राहिल्यावर न येणारे सुटले होते. वर्गात उभे राहिल्यावर येणारे सुटत होते. यादी निर्दोष होती, पण यादीतल्या माणसापर्यंत पोहोचण्याची वेळ पुन्हा त्याच कारणाशी बांधली गेली होती. पुढचा क्रमांक घेतला असता तर तोही वर्गात सापडणाराच घेतला गेला असता, ८४ ची संख्या पुरी दिसली असती आणि उणीव झाकली गेली असती. बदली नाव घेण्यातला हा खरा तोटा आहे : रिकामी जागा दिसते तोवर तिची चौकशी तरी होते.

उद्यापासून पहिल्या तासाला हजेरी झाल्यावर, वर्गशिक्षकांच्या परवानगीने, उरलेल्यांना गाठायचे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आणखी २२ जण मिळाले. एकूण ८०. उरलेल्या चौघांपैकी एकाने दुसरीकडे प्रवेश घेतला असून नाव पटावर तसेच आहे, दोघे दीर्घ आजारी आहेत आणि एकाने उत्तर द्यायला नकार दिला. त्यांची नोंद अहवालात तशीच राहील.

आधी आणि नंतर मिळालेल्यांची तुलना मी तिला मुद्दाम करायला लावली. पहिल्या ५८ मध्ये कधीच न येणारे ३० होते, म्हणजे निम्म्याहून अधिक. नंतरच्या २२ मध्ये ते फक्त ३. उशिरा सापडणारे लवकर सापडणाऱ्यांसारखेच असते, तर हे दोन आकडे साधारण एकाच प्रमाणात आले असते. कोणत्याही पाहणीत न भेटलेल्यांचा पाठपुरावा केल्याने नमुना कुठे झुकला होता याचा थोडाफार सुगावा लागतो, आणि हा तपास करायला फारसे गणितही लागत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

निकाल. ८० पैकी ३३ कधीच जात नाहीत. उरलेल्या ४७ पैकी रोज जाणारे १९ आणि त्यांतले समाधानी १७. दोनदा जाणारे १८, समाधानी १०. एकदा जाणारे १०, समाधानी ३. म्हणजे ग्राहकांपैकी ४७ मध्ये ३०, साधारण ६४ टक्के.

वजनांनी आलेले ६६ आणि आजचे ६४ जवळ आल्याने वैदेही खूश झाली. मी तिला ४७ ही संख्या किती लहान आहे ते दाखवले. एवढ्या नमुन्यात निव्वळ योगायोगाने दोन्ही बाजूंना सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणजे खरे प्रमाण ५० पासून ७८ पर्यंत कुठेही असू शकते. तिचा पहिला ७८ चा आकडाही त्या कडेवर बसतो! तेव्हा '७८ चूक आणि ६४ बरोबर' असे केवळ या दोन आकड्यांवरून म्हणता येणार नाही. ७८ वर विश्वास ठेवायचा नाही तो रांगेत रोज येणारे दोनतृतीयांश का भरले याचे कारण आपल्याला ठाऊक आहे म्हणून. उलट, न जाणाऱ्यांचे प्रमाण ८० मध्ये ३३, म्हणजे ४१ टक्के आहे आणि त्यात ११ टक्क्यांचा फरक धरला तरी ते ३० च्या खाली जात नाही. रांगेतल्या पाहणीने हेच प्रमाण शून्य सांगितले होते.

त्या ३३ जणांची कारणे : १५ जण पोषण आहार किंवा घरचा डबा खातात, ८ जणांना रांगेमुळे सुट्टीत खाऊन होत नाही, ६ जणांकडे रोजचे पैसे नसतात आणि ४ जणांची इतर कारणे आहेत. रांग लांब आहे म्हणून जे रांगेत येतच नाहीत, त्यांची तक्रार रांगेत उभे राहून ऐकू येण्याचा काही संभव नव्हता. हे आठही जण पाचवी ते सातवीचे आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नमुन्याची बाहेरून एक पडताळणी करता आली. कॅन्टीनमध्ये एका विद्यार्थ्याला दिवसाला एकच कुपन मिळते, पदार्थ कितीही घेतले तरी. मावशींनी श्रावणाआधीच्या, १४ ते १८ जुलैच्या आठवड्यातील कुपनांची वही दाखवली : ३०१, ३१६, ३०८, ३२२ आणि २९८. सरासरी ३०९.

आता आमच्या ८० उत्तरांवरून किती कुपने निघायला हवीत ते पाहिले. ८४० च्या प्रमाणात रोज येणारे सुमारे २००. दोनदा येणारे १८९, त्यांतले कोणत्याही एका दिवशी पाचात दोन, म्हणजे ७६. एकदा येणारे १०५, त्यांतले एका दिवशी पाचात एक, म्हणजे २१. बेरीज २९७. इतके जवळ येण्यात थोडा नशिबाचाही भाग आहे, पण नमुन्यात रोज येणाऱ्यांचे प्रमाण मुळातच बिघडलेले असते तर येथे शंभराचा तरी फरक दिसला असता. याच आकड्यांतून २०० ला २९७ ने भागले तर ६७ टक्के येतात, आणि २२ जुलैच्या रांगेत रोज येणारे तेवढेच होते. तिची पहिली पाहणी रांगेचे चित्र म्हणून अगदी बरोबर होती.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मुख्याध्यापकांना एकच आकडा हवा होता. वैदेहीने तीन दिले आणि प्रत्येकापुढे तो कुणाविषयी आहे ते लिहिले : रांगेत उभ्या असलेल्यांपैकी ७८ टक्के समाधानी, कॅन्टीनला येणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के, आणि शाळेतील सुमारे ४१ टक्के विद्यार्थी येतच नाहीत. '८० पैकी ३०, म्हणजे शाळेतील ३८ टक्केच समाधानी' असे वाक्य तिने आधी लिहिले होते, ते तिने स्वतःच खोडले, कारण न येणाऱ्या ३३ जणांना समाधानाचा प्रश्न विचारलाच नव्हता आणि डबा आवडीने खाणारा असमाधानी असतो असे नाही.

पाचवी ते सातवीसाठी गणपतीच्या सुट्टीनंतर वेगळी खिडकी उघडायला बचत गटाने होकार दिला आहे. सप्टेंबरअखेर पुन्हा ८४ जणांना विचारायचे असून सुरुवातीच्या क्रमांकाची चिठ्ठी नव्याने काढायची आहे. दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी झाल्यावर यादीचे क्रमांक पुन्हा घालावे लागतील.